पाळण्याची वेळ आणि पानाची वेळ

बारशाचे आमंत्रण हा लग्नपत्रिकेच्या मानाने अगदी अल्प मजकूर असतो. घरातील वडीलधाऱ्यांनी तो पूर्वी पोस्टकार्डावर लिहिला असता, किंवा एखादी आजी कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर सांगून आली असती; हल्ली तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर पडतो आणि घटकाभरात पुण्यापासून परदेशापर्यंतच्या साऱ्या नातलगांच्या हाती जातो. मजकूर लहान असला तरी त्यात एक अडचण दडलेली असते, आणि ती ध्यानात न घेतल्यामुळे कित्येक बारशांत पाहुण्यांचा आणि यजमानांचा सारखाच विरस होतो. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त एक असतो आणि भोजन त्याच्या मागोमाग ठरलेले असते. बारशात मात्र एकाच दिवसात तीन निराळी कार्ये येतात: गुरुजींनी करावयाचा नामकरणविधी, स्त्रियांनी करावयाचा पाळणा, आणि मग पंगत. या तिन्हींच्या वेळा निराळ्या, माणसे निराळी आणि क्रमही घरोघर निराळा. असे असताना आमंत्रणात केवळ ‘सकाळी ११ वाजता’ असा एकच काळ लिहिला, म्हणजे कोणी पाळण्याला येतो, कोणी जेवणाला येतो, आणि जिच्यावाचून नाव ठेवता येत नाही ती आत्याच कदाचित सर्वांच्या शेवटी येते.

वेळेच्या आधी दिवसाचा निश्चय करावा लागतो आणि वाद बहुधा तेथेच उत्पन्न होतो. जननामुळे येणारे अशौच, ज्याला आपल्याकडे सोयर किंवा वृद्धी म्हणतात, ते सामान्यतः दहा दिवसांचे मानले जाते. ते फिटल्यावर अकराव्या किंवा बाराव्या दिवशी नामकरण करावे, हा बारशाच्या दिवसामागचा मूळ हिशेब होय. मुलीचे बारसे बाराव्या दिवशी आणि मुलाचे तेराव्या दिवशी करण्याची रीत महाराष्ट्रात पुष्कळ घरांतून आहे. कित्येक घरांत दोहोंचेही बाराव्यालाच होते. या बाबतीत आमचेच खरे असा आग्रह धरण्यास शास्त्राचा फारसा आधार नाही, कारण गृह्यसूत्रांपासूनच मतभेद चालत आलेले आहेत. मनुस्मृती दहावा किंवा बारावा दिवस सांगते, आणि ते न साधल्यास पुढील शुभ तिथी, मुहूर्त व नक्षत्र पाहण्याची मुभा देते. गोभिलाचे गृह्यसूत्र तर दहा रात्रींनंतर, शंभर रात्रींनंतर किंवा संवत्सरानंतरही नामकरण करण्यास संमती देते. ज्या घरचे बाळ अपुऱ्या दिवसांचे म्हणून रुग्णालयात काचपेटीत ठेवलेले असते, किंवा जेथे भाऊबंदकीत कोणी वारल्यामुळे मध्येच सुतक येते, त्या घराने बारसे महिन्या-दोन महिन्यांनी केले म्हणून काही बिघडत नाही, हे त्या घरातील आजीआजोबांना या आधारावर खुशाल सांगता येईल. एवढेच की मुख्य काळी होणाऱ्या नामकरणास गुरुशुक्रांच्या अस्तासारख्या गोष्टी पाहाव्या लागत नाहीत. पुढे ढकलले की रीतसर मुहूर्त काढावा लागतो.

खरी मेख दिवस मोजण्यात आहे. जन्मदिवस हा पहिला दिवस धरावयाचा, त्यामुळे बारावा दिवस म्हणजे जन्मतारखेत अकरा मिळवून येणारी तारीख. बारा मिळविणारे एक दिवस चुकतात. परंतु पहिला दिवस कोणता, हाच प्रश्न रात्री जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत उभा राहतो. सरकारी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. आपण एक उदाहरण घेऊ आणि ते अखेरपर्यंत नेऊ. साताऱ्यात नोव्हेंबरच्या थंडीत एका घरी मुलगी झाली. मंगळवार उलटून बुधवार उजाडण्यापूर्वी, पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी. रुग्णालयाच्या दाखल्यावर बुधवार, १३ तारीख अशी नोंद झाली. आजोबांनी पंचांग उघडून सांगितले की सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, तोवर मंगळवारच. सबब बारावा दिवस शनिवार, २३ तारीख. बाळाच्या वडिलांनी दाखल्यावरून मोजले आणि रविवार, २४ तारीख काढली. दोघांचेही गणित बरोबर होते; तफावत होती ती दिवसाच्या आरंभाविषयी.

अशा प्रसंगी धर्मशास्त्राचे निबंधकार काय सांगतात हे पाहण्याजोगे आहे. काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरास राहून धर्मसिंधु हा ग्रंथ रचला, आणि महाराष्ट्रातील याज्ञिकांच्या घरी आजही तो प्रमाण मानला जातो. रात्री होणाऱ्या जननाविषयी त्यात एकाहून अधिक पक्ष दिलेले आहेत. एक पक्ष असा की रात्रीचे तीन भाग करावे, पहिल्या दोन भागांतील जन्म आदल्या दिवसाचा आणि तिसऱ्या भागातील पुढच्या दिवसाचा धरावा. दुसरा असा की मध्यरात्र हीच सीमा मानावी. तिसरा, सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस. यांतून निवड देशाचाराप्रमाणे करावयाची आहे. साताऱ्याच्या उदाहरणात सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि सूर्योदय पावणेसातला, म्हणजे रात्र सुमारे पावणेतेरा तासांची. तिचा तिसरा भाग अडीचनंतर सुरू झाला. ३ वाजून १० मिनिटांचा जन्म त्या तिसऱ्या भागात येतो, म्हणून पहिल्या पक्षाने दिवस बुधवारच, आणि दुसऱ्यानेही बुधवारच. सूर्योदयाच्या पक्षाने मात्र मंगळवार. गुरुजींनी दोन्ही गणिते ऐकून घेतली आणि रविवार कायम केला, कारण एका हिशेबाने तो बारावा होता आणि दुसऱ्याने तेरावा, आणि दोन्ही हिशेबांनी सोयर त्याच्या आधीच फिटलेले होते. आजोबांचे समाधान झाले. नोकरदार पाहुण्यांचीही सोय झाली. समूहावर ‘बाराव्या दिवशी’ असे शब्द टाकण्यापूर्वी ही रुजुवात घरातल्या घरात होणे इष्ट, नाहीतर तारीख जाहीर झाल्यावर एखादे काका समूहावरच दिवस मोजू लागतात आणि आमंत्रणाची चर्चा होऊन बसते.

येथे एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. दिवसाच्या मोजणीत अशी मुभा असली तरी जन्मवेळेत ती नाही. नावाचे आद्याक्षर ज्या नक्षत्रचरणावरून काढतात, तो चरण जन्मक्षणीच्या चंद्राचा असतो. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार असे एकशे आठ चरण, आणि एक चरण ओलांडण्यास चंद्राला सरासरी सहा तास लागतात. रोहिणीच्या चार चरणांची अक्षरे ओ, वा, वी, वू अशी, अश्विनीची चू, चे, चो, ला अशी. जन्म चरणाच्या मध्यावर असेल तर दहा मिनिटांनी काही फरक पडत नाही; सीमेजवळ असेल तर अक्षर पालटते. म्हणून रुग्णालयाच्या कागदावरची वेळ आहे तशीच गुरुजींना सांगावी. ‘तीनच्या सुमारास’ असे सांगू नये. हे अक्षर पाळलेच पाहिजे असे मात्र मुळीच नाही. नामकरणात कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहाराचे अशी निरनिराळी नावे ठेवली जातात, आणि आद्याक्षराचा संबंध नक्षत्रनामाशी आहे. व्यवहारातले नाव आईबापांनी आपल्या आवडीने ठेवावे.

दिवस ठरला की वेळेकडे वळावे. पुष्कळ घरांत जुना क्रम असा होता की सकाळी विधी, दुपारी जेवणे, आणि ऊन उतरल्यावर, दिवेलागणीच्या आधी, आळीतल्या बायका जमवून पाळणा. त्या काळी पाहुणे गावातलेच असत आणि दूरचे आलेच तर मुक्कामाला येत. आज पाहुणा सकाळी येतो आणि संध्याकाळी परत जातो, म्हणून पाळणा दुपारच्या जेवणाच्या अलीकडे आला आहे. आमच्या उदाहरणात आणखी एक कारण होते. रविवारचा राहुकाळ दिवसाच्या शेवटच्या अष्टमांशात येतो, आणि घरातील आजींना पाळणा राहुकाळात नको होता. राहुकाळाविषयी येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात एक चूक सर्रास होते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समान भाग करतात. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा भाग राहुकाळाचा. भिंतीवरच्या पुष्कळ दिनदर्शिकांत दीड-दीड तासाचे जे कोष्टक छापलेले असते ते सहाला उजाडते आणि सहाला मावळते असे गृहीत धरून. नोव्हेंबरात साताऱ्याचा दिवस सव्वाअकरा तासांचाच, म्हणून एक भाग सुमारे चौऱ्याऐंशी मिनिटांचा होतो. शनिवार पक्का झाला असता आणि कोष्टकावर ‘९ ते १०.३०’ पाहून पाळणा पावणेअकराला ठेवला असता, तर प्रत्यक्षात राहुकाळ साडेनऊनंतर सुरू होऊन अकराला पाचेक मिनिटे कमी असताना संपणारा, आणि पाळणा नेमका त्यात सापडला असता. ज्यांना हे पाळावयाचे आहे त्यांनी आपल्या गावचा सूर्योदय घेऊन हिशेब करावा. ज्यांना पाळावयाचे नाही त्यांचे काही अडत नाही. महाराष्ट्रातील जुन्या रीतीत राहुकाळाला एवढे महत्त्व नव्हतेच.

माझ्या मते वेळेचा खरा निर्णय पंचांगाने नव्हे, तर दोन व्यक्तींनी करावयाचा असतो: बारा दिवसांचे बाळ आणि त्याची आत्या. बाळ दोन-तीन तासांनी दुधासाठी जागे होते. भुकेल्या बाळाला पाळण्यात घातले तर ते रडून आकांत करते, आणि नुकत्याच निजलेल्याला उचलून नवे अंगडे-टोपडे, कुंची आणि वाळे घालू लागलो तर परिणाम तोच. दूध पाजून अर्धा-पाऊण तास झालेला असावा, ही पाळण्याची उत्तम वेळ. बाळंतीण स्वतः बाराच दिवसांची असते. शस्त्रक्रिया झालेली असेल तर पाटावर फार वेळ बसणे तिला सोसत नाही. तिच्यासाठी खुर्ची ठेवावी आणि जेथे तिची उपस्थिती अवश्य आहे तेवढा भाग अर्ध्या तासात उरकावा. ओटी भरण्यास पंचवीस जणी रांगेत उभ्या राहणार असतील तर पाच जणींनी भरावी आणि बाकीच्यांनी हळदकुंकू द्यावे, हे आधीच ठरवून ठेवणे हा तिच्यावरचा उपकार आहे.

आत्येचे तसे नाही. तिच्यावाचून कार्य पुढे सरकत नाही. पाळण्याला फुले बांधलेली असतात, खाली रांगोळी व समई, आत दुपट्यावर मऊ लुगड्याची घडी. एका बाजूस एक व पलीकडे दुसरी अशा सुवासिनी उभ्या राहतात, आणि बाळाच्या आधी वरवंट्याला लहानसे झबले-टोपडे घालून तो पाळण्याच्या खालून आणि वरून एकमेकींच्या हाती देतात. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, असे म्हणत. मग बाळाची पाळी. त्याला पाळण्यात ठेवल्यावर आत्या वाकून त्याच्या कानाशी कुर्रर्र करते आणि नाव सांगते, आणि त्या क्षणी मागच्या साऱ्या जणी हसत-हसत तिच्या पाठीवर थापट्या मारतात. मग पाळणे म्हटले जातात, घुगऱ्या वाटल्या जातात. तान्ह्यापणापासून ओळखत असल्याचा दाखला म्हणून ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या जेवलो आहे’ असे वडील माणसे ज्या सांगतात, त्या याच. गुरुजींचा विधी न करणारी घरे महाराष्ट्रात असंख्य आहेत, पण हा पाळणा जातीपातींच्या सीमा ओलांडून बहुतेक सर्व मराठी घरांत होतो, आणि आत्येचा मान सर्वत्र राखला जातो. सख्खी आत्या नसेल किंवा परदेशी असेल तर चुलत किंवा मामे आत्येने नाव ठेवावे. परदेशातील आत्येला चित्रसंवादाने पाहावयाचे असेल तर आमंत्रणात ‘भारतीय वेळ’ असे लिहावे. आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा त्या मोसमात लंडनला पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

आमच्या उदाहरणातील आत्या पुण्याची. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून बारसेही बाळाच्या आजोळी, साताऱ्यास. आणि आत्या सासरकडची, म्हणजे पाहुणी. पुणे ते सातारा हे अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर, पण रविवारी सकाळी घाटात गाड्यांची दाटी होते, तेव्हा अडीच-तीन तास धरलेले बरे. ती साडेसातला निघाली तर साडेदहापर्यंत पोहोचेल आणि चहा घेऊन, लुगडे बदलून उभी राहण्यास सव्वाअकरा होतील. इथून मागे मोजत गेले की साऱ्या दिवसाची आखणी आपोआप होते. गुरुजींनी साडेआठला संकल्प करावा. गणपतिपूजन, पुण्याहवाचन आणि नामकरण, ज्यात वडील ताटात पसरलेल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात, यांस सुमारे दीड तास. या विधीस घरची माणसेच पुरेशी आहेत. सर्वांना साडेआठला बोलावण्याचे कारण नाही. दहा ते सव्वाअकरा हा अवकाश बाळाच्या दुधासाठी, आईच्या विसाव्यासाठी आणि येणाऱ्यांच्या उपाहारासाठी. सव्वाअकराला पाळणा, पावणेबारापर्यंत नाव; मग ओटी, बाळंतविडा व घुगऱ्या; आणि साडेबाराला पहिली पंगत.

आता पंगतीकडे येऊ, कारण समूहावरच्या आमंत्रणाचा सर्वांत मोठा दोष तेथे उघडा पडतो. आमंत्रण दोन्हीकडच्या समूहांवर जाते, आणि दोन्हीकडे एकच मजकूर गेला पाहिजे. सासरच्यांना बाराची वेळ आणि माहेरच्यांना साडेबाराची, असा फरक राहिला तर त्याचे अर्थ काढले जातात. परंतु समूहातील माणसांची संख्या म्हणजे जेवणाऱ्यांची संख्या नव्हे. एका घरातले चार जण समूहात असतात, तर दुसऱ्या सात माणसांच्या घरातून एकटे आजोबा. आमंत्रणाखाली जोडलेल्या हातांची चित्रे पन्नास पडतात. त्यांतून येणार किती हे कळत नाही, कारण तो नमस्कार आहे, होकार नव्हे. ‘सहकुटुंब यावे’ हे शब्द प्रेमाचे आहेत आणि ते असावेतच, पण त्यांच्यापुढे ‘मोठी माणसे किती व लहान मुले किती हे गुरुवारपर्यंत कळवावे’ एवढे एक वाक्य जोडले तर आचाऱ्याला शुक्रवारी सकाळी आकडा देता येतो. कोणी तरी एकाने, बहुधा मामाने, कागदावर घरवार यादी करावी आणि ज्यांचे उत्तर नाही त्यांना शुक्रवारपूर्वी दूरध्वनी करावा.

साताऱ्याच्या यादीत सेहेचाळीस मोठी माणसे आणि चौदा मुले निघाली. दहा वर्षांच्या आतील मुलाला अर्धे पान धरण्याची आचाऱ्यांची जुनी वहिवाट आहे. म्हणजे त्रेपन्न पाने. गुरुजी आणि गाड्यांचे दोन चालक धरून छप्पन्न. या चालकांना यादीत विसरणे हा मला मोठा अपराध वाटतो. ऐनवेळच्या चौघांची सोय धरून साठ पानांचा स्वयंपाक ठरला, तो असा: श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, मसालेभात व साधे वरण-भात, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, तळण आणि लिंबू. पक्वान्न गोड आणि पचायला जड असल्याने भात कमी उठतो; दर पानास नव्वद ग्रॅम तांदूळ पुरतात, म्हणजे दोन्ही भात मिळून साडेपाच किलो. पुऱ्या दर पानास सहा. किलोभर कणकेत पंचावन्न ते साठ मध्यम पुऱ्या होतात, म्हणून कणीक साडेसहा किलो. श्रीखंड शंभर ते सव्वाशे ग्रॅम धरले की सात किलो. घरी करावयाचे तर चार किलो चक्का आणि तीन किलो साखर, चक्का शनिवारी रात्री टांगलेला. घुगऱ्यांसाठी दोन किलो हरभरे त्याच रात्री भिजत घालावे; आठ-दहा तासांपेक्षा कमी भिजले तर शिजूनही दाताला कच लागते, आणि ती चूक सकाळी सुधारत नाही. भिजून-शिजून ते दुप्पट भरतात, म्हणजे पाळण्याशी वाटून थोड्या पुड्या बरोबर देण्यास उरतात.

जेवण फसते ते बहुधा जिन्नस कमी पडल्याने नव्हे, पुऱ्या लवकर तळल्याने. पाळणा अर्ध्या तासाने लांबला आणि आचाऱ्याने ठरल्या वेळी घाणा सुरू केला की पहिल्या पंगतीला मऊ, चामट पुऱ्या वाढल्या जातात. म्हणून आचाऱ्याला घड्याळ न सांगता खूण सांगावी: आत्येने नाव ठेवले की कढई चढवायची. नाव पावणेबाराला, पाने साडेबाराला. पाऊण तासात पहिल्या तीस पानांच्या पुऱ्या निघतात, आणि दुसऱ्या पंगतीच्या तोपर्यंत तळायच्याच नाहीत. साठ माणसांची एकच पंगत बसविण्याचा हव्यास नको. तीस-तीसच्या दोन पंगती, चाळीस मिनिटांच्या. पहिलीत म्हातारी माणसे, मुले आणि परतीच्या प्रवासाचे, दुसरीत घरचे आणि गावातले. आमंत्रणात हे सांगितले तर कोणाला मागे ठेवल्यासारखे वाटत नाही. बाळंतिणीचे ताट मात्र या साऱ्यांच्या आधी, निराळे आणि गरम: मऊ भात, तूप, शेपूची भाजी. तिला श्रीखंडाच्या पंगतीसाठी एक वाजेपर्यंत उपाशी ठेवणे कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

एवढी तजवीज झाल्यावर मजकूर लिहिणे सोपे. त्या घराने समूहावर टाकलेला मजकूर असा होता:

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥
सप्रेम नमस्कार. आमच्या घरी आलेल्या नातीचे बारसे रविवार, दि. २४ नोव्हेंबर रोजी साताऱ्यास आमच्या राहत्या घरी करण्याचे योजिले आहे. नामकरणविधी सकाळी ८.३० ला घरच्या मंडळींत होईल. पाळणा ठीक ११.१५ ला; त्यासाठी सर्वांनी ११ पर्यंत यावे. भोजन १२.३० ला पहिली व १.१५ ला दुसरी पंगत; प्रवासाने परतणाऱ्यांनी पहिल्या पंगतीस बसावे. आपल्या घरून मोठी माणसे किती व मुले किती येणार, हे गुरुवार, दि. २१ पर्यंत बाळाच्या मामास कळवावे. सर्दी-खोकला असलेल्यांनी बाळाला दुरून आशीर्वाद द्यावा, ही प्रेमाची विनंती. आहेर आणू नये. आपण सहकुटुंब येऊन बाळास आशीर्वाद द्यावेत.
आपले नम्र,
आजी-आजोबा, दोन्हीकडचे.

या मजकुरातील प्रत्येक वाक्य कोणा तरी विशिष्ट माणसासाठी आहे. ‘घरच्या मंडळींत’ हे शब्द साडेआठला येण्याचा संकोच दूर करतात. ‘ठीक’ आणि ‘११ पर्यंत’ हे दोन निरनिराळे काळ उशिरा येणाऱ्यांची आणि वेळेवर येणाऱ्यांची दोघांचीही सोय पाहतात. सर्दी-खोकल्याचे वाक्य आईला प्रत्येकाच्या हातून बाळ परत मागण्याच्या कानकोंडेपणातून सोडविते. आणि सही दोन्हीकडची असल्याने खर्च माहेरचा आणि मान सासरचा या जुन्या ओढाताणीस वाव राहत नाही. मजकूर आठ दिवस आधी टाकावा, म्हणजे बाळ झाल्यावर चौथ्या दिवसापर्यंत दिवस पक्का झालेला असावा. आणि आदल्या संध्याकाळी केवळ दोन वेळांची आठवण पुन्हा द्यावी, सारे आमंत्रण पुन्हा नव्हे. आत्या, दोन्हीकडचे काका-मामा आणि ज्यांच्या हाती भ्रमणध्वनी नाही अशा वृद्धांना मात्र समूहावरचा मजकूर हे आमंत्रण नव्हे. त्यांना आजीने स्वतः बोलूनच सांगितले पाहिजे, आणि जवळ असतील तर घरी जाऊन.

बारसे झाल्यावर संध्याकाळी नाव समूहावर जाते. ते जाण्यापूर्वी त्याचे देवनागरी आणि रोमन स्पेलिंग घरात एकदा पक्के करावे, कारण तेच पुढे जन्मनोंदीत जावयाचे असते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि रुग्णालयाकडून ती बहुधा बाळाच्या नावाविनाच गेलेली असते. बारशानंतर नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अर्ज करून नाव घालून घ्यावे लागते, आणि नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत ते घातल्यास त्यास विलंबशुल्क पडत नाही.